परत येणारं तिकीट: टोलवाटोलवी शोधायची कशी आणि तिच्यातून काय वाचायचं

प्रश्न: आमच्या समूहाचं हेल्पडेस्क धुळ्यात आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतल्या युनिटची तिकिटं आमच्याकडे येतात, महिन्याला नऊशेच्या आसपास. काही तिकिटं ईआरपी, हार्डवेअर, नेटवर्क अशी चार-पाच वेळा फिरतात आणि शेवटी कोणीतरी वैतागून सोडवतं. अशी तिकिटं नेमकी शोधायची कशी? आणि त्यावरून काय समजायचं? साहेबांचं म्हणणं आहे की जी टीम जास्त फिरवते तिला जाब विचारा.

उत्तर:

साहेबांना थोडं थांबायला सांगा. सगळ्यात जास्त तिकिटं पुढे ढकलणारी टीम बहुतेक वेळा दोषी नसते, तर चौकात उभी असते. आमच्याकडे ती टीम ईआरपीची होती, कारण काहीही बिघडलं तरी माणसाला ते ईआरपीच्याच स्क्रीनवर दिसायचं. मी बारा वर्षं हेच काम करतोय, त्यातली सात जळगाव जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंग समूहात गेली. तिथल्या एका तिकिटावरूनच सगळं सांगतो, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत.

आधी शोधायचं काय ते ठरवू. बहुतेक तिकीट प्रणालींमध्ये तिकीट किती वेळा हात बदललं याचा आकडा तयार मिळतो. सर्व्हिसनाऊमध्ये तर `reassignment_count` नावाचा रकानाच आहे. पहिल्याच दिवशी सगळे तो रकाना उतरत्या क्रमाने लावतात आणि वरची वीस तिकिटं घेऊन बैठक बोलावतात. मीही तसंच केलं होतं. त्या वीसमधली निम्मी तिकिटं पूर्णपणे निरोगी निघाली. नवीन माणूस कामावर येतो तेव्हा त्याचा लॉगिन एक टीम काढते, दुसरी लॅपटॉप देते, तिसरी ईआरपीचे अधिकार देते आणि चौथी बायोमेट्रिक मशीनवर बोट नोंदवते. चार हात बदलले, पण प्रत्येक हाताने आपलं काम करूनच पुढे दिलं. याला टोलवाटोलवी म्हणता येत नाही.

टोलवाटोलवीची खूण वेगळी आहे. एकदा ज्या टीमकडून तिकीट गेलं, त्याच टीमकडे ते पुन्हा येतं. म्हणून हात किती बदलले याच्यापेक्षा तिकीट किती वेळा परत आलं ते मोजा. हिशोब अगदी सोपा आहे. तिकिटाचे एकूण मुक्काम मोजायचे आणि त्यातून वेगवेगळ्या टीमची संख्या वजा करायची. चार टीमकडे चार मुक्काम झाले तर उत्तर शून्य. तीन टीमकडे सात मुक्काम झाले तर उत्तर चार, म्हणजे तिकीट चार वेळा माघारी आलं.

तुमच्या प्रणालीतून नेमणुकीची नोंदवही, म्हणजे कोणत्या वेळी कोणत्या टीमकडे तिकीट गेलं याचा तक्ता, बाहेर काढा. त्यावर हे चालवा:

```sql
WITH v AS (
  SELECT ticket_id, to_team,
         LAG(to_team) OVER (PARTITION BY ticket_id
           ORDER BY changed_at, log_id) AS prev_team
  FROM assign_log
  WHERE to_team <> 'HELPDESK'
)
SELECT ticket_id,
       COUNT(*) AS visits,
       COUNT(DISTINCT to_team) AS teams,
       COUNT(*) - COUNT(DISTINCT to_team) AS return_count
FROM v
WHERE prev_team IS NULL OR prev_team <> to_team
GROUP BY ticket_id
HAVING COUNT(*) - COUNT(DISTINCT to_team) >= 1
ORDER BY return_count DESC;
```

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. हेल्पडेस्कच्या ओळी गाळल्या, कारण पुष्कळ टीम तिकीट थेट दुसऱ्या टीमकडे पाठवत नाहीत. त्या ते हेल्पडेस्ककडे परत करतात आणि हेल्पडेस्क पुढे पाठवतं. ओळी गाळल्या नाहीत तर सगळी टोलवाटोलवी हेल्पडेस्कच्या नावावर लागते आणि खरी जोडी दिसतच नाही. दुसरं, लागोपाठ एकाच टीमच्या दोन ओळी आल्या तर एकच मुक्काम धरला. टीमच्या आत एका माणसाकडून दुसऱ्याकडे काम जाणं हा त्या टीमचा घरचा मामला आहे. तो आत्ता मोजू नका.

एक खड्डा मात्र नक्की तपासा, कारण मी त्यात महिनाभर अडकलो होतो. काही प्रणाली फक्त बदल नोंदवतात. तिकीट तयार होताना ते थेट ज्या टीमकडे गेलं, तो बदल नसल्यामुळे त्याची वेगळी ओळ पडत नाही. जिराच्या इतिहासात असंच असतं. समजा तिकीट ईआरपीकडे उघडलं, हार्डवेअरकडे गेलं आणि परत ईआरपीकडे आलं. नोंदवहीत दोनच ओळी मिळतात, हार्डवेअर आणि ईआरपी. दोन मुक्काम, दोन टीम, उत्तर शून्य. सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी टोलवाटोलवी अशी चाळणीतून निसटते. उपाय असा की प्रत्येक तिकिटाच्या पहिल्या बदलातली ‘कोणाकडून’ ही टीम घेऊन तिची एक ओळ सुरुवातीला जोडायची. चाचणी म्हणून तुम्हाला स्वतःला पाठ असलेली पाच तिकिटं घ्या आणि कागदावर मोजलेलं उत्तर जुळतंय का ते बघा. ते जुळेपर्यंत कोणालाही तक्ता दाखवू नका.

आता ते तिकीट.

दिवाळी होऊन कापसाचा हंगाम सुरू झाला होता. जिनिंगच्या गेटवर काटा असतो. ट्रॅक्टर-ट्रॉली आणि छोटा हत्ती काट्यावर येतात, भरलेलं वजन होतं, कापूस उतरल्यावर रिकामं वजन होतं, आणि फरकावर शेतकऱ्याची पावती निघते. वजन काट्याच्या इंडिकेटरवर दिसतं, तिथून वायरने काटाघरातल्या संगणकात येतं आणि ईआरपीच्या पावतीच्या फॉर्ममध्ये आपोआप भरतं. हाताने वजन टाकायची सोय मुद्दाम बंद ठेवलेली असते. गैरव्यवहार टाळायला ते योग्यही आहे. पण वजन आलं नाही की पावती निघत नाही, आणि गेटबाहेर रांग लागते.

सकाळी 9:40 ला काटाघरातून तिकीट आलं: ‘काट्याचं वजन स्क्रीनवर येत नाही.’ हेल्पडेस्कने 9:52 ला ईआरपीकडे दिलं. ईआरपीने 10:35 ला हार्डवेअरकडे दिलं, शेरा होता ‘फॉर्म बरोबर आहे, वजनाचा डेटाच येत नाही.’ हार्डवेअरने 11:50 ला इलेक्ट्रिकलकडे दिलं, ‘पीसी आणि केबल ओके.’ इलेक्ट्रिकलने दुपारी 2:20 ला ईआरपीकडे दिलं, ‘इंडिकेटरवर वजन बरोबर दिसतंय, आमच्याकडून प्रॉब्लेम नाही.’ ईआरपीने 2:45 ला पुन्हा हार्डवेअरकडे, हार्डवेअरने 5:10 ला पुन्हा ईआरपीकडे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 9:30 ला ईआरपीने तिसऱ्यांदा हार्डवेअरकडे. 11:30 ला सुटलं. सात मुक्काम, तीन टीम, चार वेळा माघार, एकूण 25 तास 50 मिनिटं. प्रत्यक्ष दुरुस्तीला वीस मिनिटंही लागली नाहीत.

बिघाड काय होता? इंडिकेटरमधून वजन RS-232 वायरने निघतं. नव्या संगणकांना तो पोर्ट नसतो, म्हणून मध्ये यूएसबीचा कन्व्हर्टर लावलेला होता. आदल्या दिवशी कोणीतरी टेबल पुसताना तो काढून शेजारच्या यूएसबी खाचेत लावला. स्वस्त कन्व्हर्टरला स्वतःचा वेगळा क्रमांक नसतो, त्यामुळे खाच बदलली की विंडोज त्याला नवीन यंत्र समजतं आणि नवीन पोर्ट नंबर देतं. COM3 चा COM5 झाला. वायरवरून येणारं वजन वाचून डेटाबेसच्या तक्त्यात लिहिणारा एक छोटा प्रोग्राम त्या संगणकात पडद्याआड चालत असे. त्याच्या फाइलमध्ये `PORT=COM3` असं पक्कं लिहिलेलं होतं. तो बिचारा रिकाम्या पोर्टकडे कान लावून बसला होता.

आता ते शेरे पुन्हा वाचा. तिघांनीही खरं लिहिलं होतं. फॉर्म बरोबर होता, पीसी आणि केबल बरोबर होती, इंडिकेटरही बरोबर होता. कोणी कामचुकारपणा केला नाही, कोणी खोटं बोललं नाही. प्रत्येकाने आपल्या कुंपणाच्या आत बघितलं आणि सगळं ठीक दिसलं. बिघाड कुंपणांच्या मधल्या बांधावर होता. आणि तो मधला प्रोग्राम कोणाचा? तो लिहिणारा मुलगा तीन वर्षांपूर्वी पुण्याला नोकरीला निघून गेला होता. त्याच्यानंतर तो कोणाच्याच यादीत नव्हता. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तर घरं तीन होती.

तुमच्या साहेबांचा नियम या तिकिटाला लावून बघा. ईआरपीने तीनदा पाठवलं, हार्डवेअरने दोनदा, इलेक्ट्रिकलने एकदा. जाब ईआरपीला विचारला गेला असता. त्या टीमने पुढच्या वेळी तिकीट पाठवलं नसतं, स्वतःकडे दाबून ठेवलं असतं. काट्यावरची रांग तेवढीच राहिली असती, आणि तक्ता मात्र स्वच्छ दिसला असता.

एका तिकिटावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे मान्य. म्हणून पुढची पायरी जोड्यांची. तीन महिन्यांची परत आलेली तिकिटं घ्या आणि कोणत्या टीमकडून कोणत्या टीमकडे किती वेळा गेलं याचा चौकोनी तक्ता करा, उभ्या बाजूला देणारी टीम आणि आडव्या बाजूला घेणारी. महिन्याला नऊशे तिकिटं असतील तर एका महिन्यात एकेका जोडीला तीन-चार तिकिटंच येतील. तेवढ्यावर काही बोलू नका. तीन महिने घेतले की चित्र बसतं. शिवाय आपल्याकडे हंगाम असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा तक्ता आणि मे-जूनचा तक्ता एकत्र मिसळलात तर काट्याची जोडी पातळ होऊन दिसेनाशी होईल.

त्या तक्त्यात एका दिशेची जोडी आणि दोन्ही दिशांची जोडी यांत मोठा फरक आहे. ईआरपीकडून नेटवर्ककडे भरपूर जातात, नेटवर्कवाले सोडवतात आणि उलट फारशी येत नाहीत, असं असेल तर जबाबदारी स्पष्टच आहे. फक्त तिकीट सुरुवातीला चुकीच्या दारात पडतंय. त्याचा इलाज हेल्पडेस्कच्या फॉर्ममध्ये किंवा पहिल्या प्रश्नात असतो, टीमच्या भांडणात नसतो. पण दोन्ही दिशांचे आकडे जवळजवळ सारखे असतील, इकडून सतरा गेली आणि तिकडून पंधरा आली असं, तर त्या दोन टीमच्या मध्ये अशी एखादी वस्तू आहे जिची मालकी ठरलेली नाही. तीन टीमचं वर्तुळ दिसलं, पहिलीकडून दुसरी, दुसरीकडून तिसरी, तिसरीकडून पुन्हा पहिली, तर मी जवळपास खात्रीने ती वस्तू शोधायला निघतो. आमच्याकडे ईआरपी, हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकल हे वर्तुळ इतकं ठळक होतं की तिकिटं न उघडताही काटा दिसत होता.

तरीही इथे थांबू नका, कारण माघारी येण्याची सगळीच कारणं मालकीची नसतात. मायक्रोसॉफ्टमध्ये विंडोज व्हिस्टाच्या बगांच्या फिरण्याचा अभ्यास झाला, तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फिरण्याची पाच मुख्य कारणं निघाली: मूळ दोष शोधणं, मालक ठरवणं, तक्रार अपुरी लिहिलेली असणं, योग्य दुरुस्ती कोणती हे ठरवणं कठीण जाणं, आणि कामाचा भार वाटणं. पाचांपैकी मालकी हे एकच. त्याआधी 2009 मध्ये मोझिला आणि एक्लिप्सच्या सुमारे 4,45,000 बग नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा 37 ते 44 टक्के बग एका हातातून दुसऱ्या हातात गेलेले आढळले. मी हे आकडे साहेब लोकांना मुद्दाम सांगतो. हात बदलणं ही रोजची गोष्ट आहे, त्यामुळे ‘आपल्याकडे तिकिटं फिरतात’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही.

मग मालकी धूसर आहे की फक्त दोष सापडायला कठीण होता, हे ओळखायचं कसं? यासाठी माझ्याकडे एकच कसोटी आहे आणि तिने मला आजवर फसवलेलं नाही. तिकीट सुटल्यावर, दोष उघड झाल्यावर, सगळ्या टीमप्रमुखांना विचारा: ‘दोष हा होता हे पहिल्याच मिनिटाला माहीत असतं, तर तिकीट कोणाचं होतं?’ सगळ्यांनी एकच नाव घेतलं तर मालकी स्पष्ट आहे, कमी पडलं ते निदान. वेगवेगळी नावं आली तर दोष कितीही लवकर सापडला असता तरी टोलवाटोलवी झालीच असती.

हे तोंडी विचारू नका. बैठकीत पहिला बोलतो आणि बाकीचे एक तर मान हलवतात किंवा भांडतात. मी तिघांना चहाला बोलावलं आणि प्रत्येकासमोर दहा चिठ्ठ्या ठेवल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक सुटलेलं तिकीट, दोन ओळींत, सापडलेल्या दोषासह. खाली फक्त टीमचं नाव लिहायचं, बोलायचं नाही. लॉगिनच्या, प्रिंटरच्या, लिंक बंद पडल्याच्या चिठ्ठ्यांवर तिघांची उत्तरं एकच आली. काट्याच्या चिठ्ठीवर ईआरपीप्रमुखाने लिहिलं ‘हार्डवेअर’, कारण पोर्ट बदलला होता. हार्डवेअरवाल्या दादांनी लिहिलं ‘ईआरपी’, कारण प्रोग्राम ईआरपीला डेटा देतो. इलेक्ट्रिकलचे आप्पा एरंडोलकडचे, मोजकं बोलणारे. त्यांनी टीमचं नाव लिहिलंच नाही. चिठ्ठी माझ्याकडे सरकवली आणि अहिराणीत म्हणाले, ‘‘हाई मनं काम नही शे, एवढंच मला माहीत.’’

त्या तीन चिठ्ठ्या मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. कोणी काही बोललं नाही. तीन महिने एकमेकांना आळशी समजणाऱ्या माणसांना पहिल्यांदा दिसलं की समोरचा अंग चोरत नव्हता, त्याच्या डोक्यात रेषाच वेगळी होती. आप्पांच्या बाजूने तर एक गोष्ट आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हती. काट्याच्या इंडिकेटरला वैधमापन खात्याचं सील असतं, त्यामुळे आप्पांची माणसं त्याला आतून हातच लावत नव्हती. ‘इंडिकेटर बघा’ म्हणून आम्ही तिकीट पाठवायचो, तेव्हा त्यांच्या हाती बघण्याशिवाय दुसरं काही नव्हतंच.

दुरुस्तीबद्दल मला जे कळलं ते असं. जबाबदारी लक्षणावर वाटली की ती धूसर होतेच. ‘वजन येत नाही’ हे लक्षण आहे, त्यामागे सहा वस्तू असू शकतात. जबाबदारी वस्तूवर लिहावी लागते. आम्ही काट्याखालच्या लोडसेलपासून पावतीपर्यंतच्या सगळ्या वस्तू एका ओळीत मांडल्या: लोडसेल, इंडिकेटर, वायर, कन्व्हर्टर, संगणक, वाचणारा प्रोग्राम, डेटाबेसचा तक्ता, फॉर्म. प्रत्येकीपुढे एका टीमचं नाव लिहिलं. ‘संयुक्त’ हा शब्द लिहायला मनाई केली. प्रोग्राम ईआरपीच्या नावावर गेला, कन्व्हर्टर हार्डवेअरच्या.

पण नुसती यादी पुरत नाही, कारण बिघाडाच्या वेळी कोणती वस्तू बिघडलीय हेच माहीत नसतं. म्हणून दुसरी गोष्ट केली, आणि खरा फरक तिने पडला. ‘वजन तक्त्यात पोचणं’ या पूर्ण प्रवासाचा एक मालक ठरवला, ईआरपी. काट्याचं मूळ तिकीट सुटेपर्यंत त्यांच्याकडून हलत नाही. त्यांना हार्डवेअरची मदत लागली तर ते मूळ तिकिटाखाली पोटतिकीट काढतात, ते पोटतिकीट जातं आणि उत्तर घेऊन परत येतं. हार्डवेअरने ‘आमचं ओके’ म्हटलं की पोटतिकीट बंद होतं, पण काट्यावर रांग आहे याची काळजी करणारा माणूस ईआरपीचाच राहतो.

ईआरपीप्रमुखांनी कडाडून विरोध केला, आणि त्यांचं बरोबर होतं. हंगामात त्यांच्याकडे दोनच माणसं होती, आणि काटाघरातल्या संगणकाचा ॲडमिन पासवर्ड हार्डवेअरकडे होता. ज्या यंत्राची चावी माझ्याकडे नाही त्याचा मालक मी कसा, हा त्यांचा प्रश्न होता. मालकी लिहून दिली पण चावी, माणूस आणि वेळ दिला नाही, तर महिन्याभरात तिकिटं पुन्हा फिरू लागतात, फक्त नवीन नावाने. आम्ही पासवर्ड दिला, आणि हंगामापुरता हार्डवेअरचा एक मुलगा सकाळच्या वेळेत त्यांच्या हाताखाली दिला. हे ठरवायला दोन आठवडे गेले. यादी लिहायला एक दुपार लागली होती.

काटाघरात एक कागदही चिकटवला. प्रवास मधोमध कापून बिघाड कोणत्या अर्ध्यात आहे ते आधी बघायचं, एवढंच त्यावर होतं. प्रोग्राम बंद करायचा, PuTTY उघडून चालू COM पोर्टवर बघायचं, वजनाचे आकडे धावतात का. धावले तर वायरपर्यंत सगळं ठीक, दोष पुढे आहे. नाही धावले तर दोष मागे आहे, किंवा पोर्ट नाही तर बॉडरेट चुकलाय. प्रोग्राम आधी बंद करणं गरजेचं आहे, कारण एक COM पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. ते विसरलं की पोर्ट उघडताच येत नाही, आणि मुलं घाबरून कन्व्हर्टर खराब झाला असं लिहून मोकळी होतात. ही दोन मिनिटांची तपासणी झाल्याशिवाय पोटतिकीट काढायचं नाही असं ठरलं. शेऱ्यातही ‘आमचं ओके’ चालत नव्हतं, काय बघितलं आणि काय दिसलं ते लिहावं लागायचं.

यानंतर परत येणाऱ्या तिकिटांचा आकडा झपाट्याने खाली येईल. तेव्हा सर्वात जास्त सावध राहा. आकड्यावर लक्ष आहे हे कळलं की माणसं तिकीट फिरवत नाहीत, ते ‘युजरकडून माहिती अपेक्षित’ अशा थांबलेल्या अवस्थेत ठेवतात आणि फोनवर टोलवाटोलवी करतात. म्हणून परतीच्या आकड्याशेजारी नेहमी दोन गोष्टी ठेवा: त्या प्रकारची तिकिटं सुटायला लागणारा एकूण वेळ, थांबलेल्या अवस्थेतला वेळही धरून, आणि बंद झाल्यावर आठवड्याच्या आत त्याच यंत्रावर उघडलेली नवीन तिकिटं. परती कमी झाल्या आणि एकूण वेळ तसाच राहिला, तर काहीही सुधारलेलं नाही.

ही दुसरी गोष्ट आम्हाला उशिरा कळली. रांग वाढली की काटाघरातला माणूस वरिष्ठांची परवानगी काढून हाती पावती करायचा आणि हेल्पडेस्कला सांगायचा, ‘राहू द्या, झालं काम.’ तिकीट बंद. चार दिवसांनी तोच दोष नव्या तिकिटाने यायचा आणि या वेळी दुसऱ्या टीमकडे पडायचा. एकेका तिकिटात परती शून्यच असायच्या, पण पाच तिकिटं एकाखाली एक ठेवली तर तीच टोलवाटोलवी दिसायची. त्यासाठी तिकिटावर यंत्राचा क्रमांक असावा लागतो. तुमच्या फॉर्ममध्ये तो रकाना नसेल, तर वर सांगितलेल्या सगळ्याच्या आधी तो टाका.

आधी सराव करायचा असेल तर उघडा डेटा उपलब्ध आहे. 2013 च्या बीपीआय चॅलेंजसाठी व्होल्वो आयटीने आपल्या घटना-तिकिटांची नोंदवही खुली केली, त्यात 7,554 तिकिटं आणि 65,533 नोंदी आहेत. तेव्हा विचारलेल्या प्रश्नांत टीमच्या मधली टोलवाटोलवी हा एक प्रश्न होताच. तुमच्या माणसांवर आकडे लावायच्या आधी त्या डेटावर हात बसवा. तिथे चुकलात तर कोणाच्या मूल्यमापनाला धक्का लागणार नाही.

साहेबांकडे जाताना टीमनिहाय तक्ता नेऊ नका. तो नेला की बैठक माणसांवर येते. सगळ्यात जास्त वेळा परत आलेलं एक तिकीट, वेळांसह आणि शेऱ्यांसह, एका पानावर छापा. त्या पानाला चिठ्ठ्या टाचा, आणि त्याखाली ती वस्तू लिहा जिच्यापुढे नाव नाही. तुमच्याकडे ती काटा नसेल. धुळ्याच्या ऑइल मिलमध्ये टाकीच्या पातळीचं सेन्सर असेल, शहाद्याच्या युनिटमध्ये गेटवरचा बारकोड स्कॅनर असेल. साहेबांकडून एकच निर्णय मागा: त्या वस्तूपुढे कोणाचं नाव लिहायचं, आणि ज्याचं नाव लिहू त्याला पासवर्ड आणि माणूस कुठून द्यायचा.